साइज बदलून हवी, पैसे नकोत

ऑनलाइन मागवलेली कुर्ती आली. रंग आवडला, कापड आवडलं, फक्त एक साइज मोठी निघाली. अशा वेळी ग्राहकाला पैसे परत नको असतात. तीच कुर्ती, त्याच रंगाची, त्याच भावात, एक साइज लहान हवी असते. दुकानात ही मागणी पाच मिनिटांत पुरी होते. काउंटरवरचा माणूस मागच्या फळीवरून दुसरा नग काढतो, बिलावर शिक्का मारतो आणि काम संपतं. ॲपवर मात्र हीच मागणी आठ-दहा दिवस लोंबकळते. काही वेळा तर शेवटी नवी कुर्तीही मिळत नाही, पैसेही परत येत नाहीत आणि मापात न बसणारी जुनी कुर्ती कपाटात पडून राहते.

असं झालं की आपण कंपनीला नाही तर डिलिव्हरी बॉयला दोष देतो. कधीकधी दोष त्यांचा असतोही. पण बहुतेक वेळा अडचण व्यवहाराच्या रचनेतच असते. ‘परत करणे’ आणि ‘बदलून घेणे’ ही ॲपवर शेजारी-शेजारी दिसणारी दोन बटणं असली, तरी त्यांच्यामागे चालणारं काम अगदी वेगळं आहे. ते समजलं, तर कोणतं बटण कधी दाबायचं आणि अडकलेला बदल कुठे अडकला आहे, हे घरबसल्या ओळखता येतं.

एक बटण, दोन व्यवहार

परत करताना घडायचं असतं ते एवढंच: माल ग्राहकाकडून विक्रेत्याकडे जातो आणि पैसे विक्रेत्याकडून ग्राहकाकडे येतात. कुर्ती गोदामात पोचली, तपासणीत पास झाली, की प्रकरण मिटलं. त्या वेळी विक्रेत्याकडे दुसरी कुर्ती शिल्लक आहे की नाही, याच्याशी परतीचा काही संबंध नसतो.

बदलून घेताना मात्र दोन व्यवहार एकमेकांना बांधलेले असतात. एक, जुनी कुर्ती परत जाणं. दोन, नवी कुर्ती विकली जाणं. आपल्या दृष्टीने ती ‘तीच कुर्ती’ असते, पण विक्रेत्याच्या संगणकात निळी 42 आणि निळी 40 या दोन स्वतंत्र वस्तू असतात. प्रत्येक साइजला आणि प्रत्येक रंगाला वेगळा कोड आणि वेगळी शिल्लक. सहा साइज आणि चार रंग असलेली एक कुर्ती म्हणजे गोदामाच्या हिशेबात 24 वेगवेगळ्या वस्तू. हिशेबाच्या वहीतही तसंच. एका नगाचं बिल झालेलं असतं, तो परत आला की जीएसटीच्या नियमांप्रमाणे त्याची क्रेडिट नोट निघते आणि दुसऱ्या नगाचं नवं बिल होतं. किंमत एक रुपयानेही बदललेली नसली, तरी नोंदी दोन कराव्या लागतात.

त्यामुळे परत करायला एकच अट पुरते: जुना माल चांगल्या स्थितीत परत जायला हवा. बदलायला मात्र तीन अटी एकाच वेळी जुळाव्या लागतात. हवी ती साइज त्याच विक्रेत्याकडे शिल्लक हवी. तुमच्या पिनकोडवर नवं पार्सल आणणारी आणि जुनं घेऊन जाणारी, अशी दोन्ही दिशांची कुरिअर सेवा हवी. आणि जुनी कुर्ती तपासणीत पास व्हायला हवी. यातली एक जरी अट सुटली, तरी बदल थांबतो.

एवढी कटकट असेल तर सरळ परत करून नवी का मागवू नये? त्याचं उत्तर भावात आहे. समजा, सेलमध्ये कुर्ती 1,299 रुपयांना घेतली आणि आज तिचा भाव 1,799 आहे. परत करून नव्याने घ्यायची तर 500 रुपये जादा जातील. बदलून घेताना साधारणपणे जुनाच भाव धरला जातो. ‘दोनवर एक मोफत’सारख्या योजनेत तर एक नग परत केला की योजनेचा सगळा हिशेब नव्याने मांडला जातो आणि परताव्याची रक्कम अपेक्षेपेक्षा कमी येते. म्हणजे बदलून घेण्यात ग्राहकाचा खरा फायदा आहे तो भाव टिकण्याचा. उलट, भाव उतरला असेल तर परत करून नव्याने घेणंच शहाणपणाचं. म्हणून बटण दाबण्याआधी त्याच कुर्तीचा आजचा भाव पाहून घ्यावा.

कराडची एक कुर्ती

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. कराडमधल्या एका शिक्षिकेने दिवाळीच्या सेलमध्ये 1,299 रुपयांची निळी सुती कुर्ती मागवली, पैसे पार्सल हातात आल्यावर रोख दिले. साइज 42. पार्सल सोमवारी, 3 तारखेला आलं. परत करण्याची किंवा बदलण्याची मुदत सात दिवसांची, म्हणजे 10 तारखेपर्यंत. शाळेच्या गडबडीत तिने कुर्ती घालून पाहिली ती बुधवारी संध्याकाळी. छातीत सैल होती. तिने लगेच ॲपवर 42 ऐवजी 40 मागितली. ‘शनिवारपर्यंत नवी कुर्ती मिळेल, तेव्हा जुनी तयार ठेवा’ असा संदेश आला.

विक्रेत्याचा माल भिवंडीच्या गोदामात होता. गुरुवारी 40ची कुर्ती पॅक झाली आणि शनिवारी रात्री कराडच्या कुरिअर केंद्रावर पोचली. रविवारी डिलिव्हरी बॉय आला, तेव्हा घराला कुलूप होतं, कारण सगळे गावी गेले होते. सोमवारी दुपारी तो पुन्हा आला, तेव्हा ती शाळेत होती. दोन फेऱ्या वाया गेल्यावर त्याने पार्सल ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारून केंद्रावर जमा केलं. तिथून ते भिवंडीला परत निघालं. बुधवारी, 12 तारखेला ॲपवर दिसलं: बदल रद्द. तिने परत करण्याचं बटण शोधलं, पण ते गायब झालं होतं. मुदत 10 तारखेलाच संपली होती.

इथे कोणी फसवणूक केलेली नाही. कुरिअरवाल्याने फेऱ्या केल्या, विक्रेत्याने माल पाठवला, ग्राहकानेही मुदतीत मागणी नोंदवली. तरीही नुकसान झालं ते फक्त ग्राहकाचं. याची दोन कारणं आहेत आणि ती दोन्ही बदलाच्या रचनेतली आहेत.

पहिलं कारण म्हणजे दोन घड्याळं. एक घड्याळ परतीच्या मुदतीचं. ते जुनी कुर्ती हातात पडली त्या दिवसापासून चालतं. दुसरं घड्याळ बदलाचं. ते मागणी नोंदवल्यावर सुरू होतं. कितीतरी ठिकाणी बदल चालू असताना पहिलं घड्याळ थांबत नाही. बदल यशस्वी झाला तर याने काही बिघडत नाही. पण तो फसेपर्यंत मुदत संपलेली असते आणि मागे फिरायची वाट बंद होते.

दुसरं कारण वाटेवरच्या पार्सलचं. शिक्षिकेने बुधवारी परतीची मागणी नोंदवली असती, तर जुनी कुर्ती तिच्या घरीच असती. माणूस दोनदा रिकाम्या हाताने गेला असता, तरी तिसऱ्यांदा बोलावता आलं असतं, कारण मागणी मुदतीत नोंदलेली होती आणि वाटेवर अडकलेलं असं काहीच नव्हतं. बदलात मात्र एक नवं पार्सल कुरिअरच्या ताब्यात असतं. ठरावीक फेऱ्यांनंतर ते आपोआप मागे वळतं आणि ते वळलं की त्याला बांधलेली परतही कोसळते.

सगळीकडे पद्धत एकच नसते. वर सांगितली ती एका फेरीत देवाणघेवाण करण्याची. दुसरी पद्धत म्हणजे आधी जुना नग परत न्यायचा, तो गोदामात तपासायचा आणि मगच नवा पाठवायचा. यात घरी थांबण्याची अडचण कमी, पण धोका वेगळा आहे. जुनी कुर्ती भिवंडीला पोचेपर्यंत चार दिवस जातात. तोवर 40 साइजची शेवटची कुर्ती विकली गेली असेल, तर बदल रद्द होऊन त्याचा परतावा होतो. पैसे रोख दिलेले असतील, तर परतावा नेमका कुठे जमा करायचा हे ॲपला माहीत नसतं. बँक खात्याचा किंवा यूपीआयचा तपशील मागणारा संदेश येतो, आपल्याला वाटतं आपण तर कुर्ती बदलायला दिली आहे, म्हणून आपण तो उघडत नाही, आणि पैसे तिथेच अडकून पडतात.

मधल्या साइजच का संपतात

बदल अडण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र कुरिअर नसून शिल्लक आहे. तयार कपडे कारखान्यातून एकेक नग म्हणून निघत नाहीत, सेटमध्ये निघतात. एका सेटमध्ये कोणत्या साइजचे किती नग, याचं प्रमाण आधीच ठरलेलं असतं. मधल्या साइज जास्त आणि टोकाच्या कमी. समजा, एका रंगाच्या 60 कुर्त्या काढल्या आणि प्रमाण एकास दोन, दोनास एक असं ठेवलं, तर 36 साइजच्या 10, 38च्या 20, 40च्या 20 आणि 42च्या 10 होतात. कपड्यांच्या व्यापारात म्हणतात की सेलच्या पहिल्या तडाख्यातच सेट फुटतो. मधल्या साइज आधी उडतात, टोकाच्या मागे राहतात. हाच उरलेला माल पुढे कट-साइजच्या दुकानांत दिसतो.

आता हेच बदलून घेणाऱ्याच्या बाजूने पाहा. माप चुकलेला माणूस सहसा एक साइज वर किंवा एक साइज खाली मागतो. 42 सैल झालेल्याला 40 हवी असते, 36 घट्ट झालेल्याला 38. म्हणजे टोकाकडच्या ग्राहकांची मागणी नेमकी मधल्या साइजवर येऊन पडते, आणि सेलमध्ये त्याच आधी संपलेल्या असतात. साध्या आठवड्यात सहज होणारा बदल दिवाळीत अडतो, याचं हे मुख्य कारण.

संपलेल्या कुर्त्याही पूर्णपणे संपलेल्या नसतात. वीसपैकी काही कुर्त्या लोकांच्या घरी, परत जाण्याच्या वाटेवर असतात. काही गाडीत, काही गोदामाच्या तपासणीच्या टेबलावर. संगणकावर मात्र शिल्लक शून्य दिसते, कारण तपासणीत पास झाल्याशिवाय नग विक्रीला येत नाही. म्हणून सेल संपल्यावर आठवडाभराने तीच साइज पुन्हा दिसू लागते. मुदत शिल्लक असेल, तर दोन-तीन दिवस रोज एकदा पाहणं फायद्याचं ठरतं. मुदत संपत आली असेल, तर त्या आशेवर बसू नये.

याच्या उलट प्रकारही घडतो. संगणकावर शिल्लक दिसते, पण फळीवर नग नसतो. छोटे विक्रेते एकच माल तीन-चार ॲपवर आणि वर स्वतःच्या दुकानातही विकतात. फळीवरचा शेवटचा नग सकाळी दुकानात गेला आणि ॲपवरची शिल्लक संध्याकाळी दुरुस्त झाली, तर दुपारी मागितलेला बदल मंजूर होतो आणि दुसऱ्या दिवशी रद्द होतो. मागणी मंजूर झाली म्हणजे नग बाजूला काढून ठेवला, असं धरून चालू नये. ‘पॅक झाले’ किंवा ‘रवाना झाले’ असं दिसेपर्यंत तो नग आपला नाही.

बदलून उपयोग होईल का, हे आधी मापा

बदल का अडतो हे झालं. पण कित्येकदा बदल अडत नाही, सुरळीत होतो, आणि तरीही फसतो. नवी साइज येते आणि तीही बसत नाही. मग दुसऱ्यांदा बदलायला गेलं तर अनेक ठिकाणी परवानगी नसते, कारण एका खरेदीवर एकदाच बदल मिळतो.

यामागे शिवणकामाचं साधं गणित आहे. एका साइजवरून पुढच्या साइजवर जाताना सगळी मापं सारखी वाढत नाहीत. कुर्तीचा छातीचा घेर साधारण दोन इंचांनी बदलतो, पण खांद्याची रुंदी सुमारे अर्धा इंचच बदलते. उंचीत तर फरक फार थोडा असतो, काही वेळा नसतोच. आता समजा, 42ची कुर्ती छातीत दोन इंच सैल आहे आणि खांदे नीट बसतात. मग 40 घेतली की काम झालं. पण छाती ठीक आणि खांदाच दीड इंच खाली उतरत असेल, तर 40 घेऊन खांदा अर्धा इंच वर येईल आणि छाती मात्र दोन इंचांनी आवळेल. अशा कुर्तीचा कटच आपल्या अंगाचा नाही. ती बदलू नये, परत करावी.

म्हणून बटण दाबण्याआधी टेप घ्यावी. घरातली एखादी नीट बसणारी कुर्ती सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजावं आणि दुपटीने घेर धरावा. मग नवी कुर्ती तशीच मोजावी. दोन्हींच्या घेरात जो फरक निघेल, त्यातल्या दर दोन इंचांमागे एक साइज वर-खाली जायचं. ॲपवरच्या मापाच्या तक्त्यात एक गोष्ट मात्र नक्की पाहावी: आकडा अंगाचा दिला आहे की कपड्याचा. अंगाची छाती 36 असेल, तर कुर्ती 38 ते 40ची शिवलेली असते, कारण हालचालीसाठी सैलपणा ठेवावा लागतो. अंगाचा आकडा कपड्याचा समजून मागवलं, की माप चुकलंच.

एका कंपनीची 40 आणि दुसरीची 40 सारखी नसते, याचंही कारण आहे. अमेरिका-युरोपात जशा लोकांच्या अंगमापांच्या पाहण्या होऊन त्यावर तक्ते बेतले गेले, तसं आपल्याकडे फार काळ झालंच नाही. परदेशी तक्त्यांत थोडाफार फेरफार करून प्रत्येक कंपनीने आपापलं माप ठरवलं. ही उणीव भरून काढण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला. त्यात मुंबईसह सहा शहरांत 15 ते 65 वयाच्या 25 हजारांहून जास्त लोकांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचं ठरलं. भारतीय अंगमापांचा तक्ता सगळे कारखाने वापरू लागतील, तोवर प्रत्येक कंपनीचं माप वेगळं धरूनच चालावं लागेल.

रंगाची गोष्ट आणखी वेगळी आहे. निळ्याऐवजी हिरवी हवी, हा साधा बदल आहे आणि तो साइजच्या बदलासारखाच चालतो. पण ‘फोटोत गडद निळी होती, आली फिकी’ अशी तक्रार असेल आणि आपण तीच निळी बदलून मागितली, तर पुन्हा तशीच फिकी येण्याचीच शक्यता जास्त. एका लॉटचं कापड एकाच वेळी रंगवलेलं असतं. त्या लॉटच्या सगळ्या कुर्त्या सारख्याच असतात आणि चुकलेला असतो तो फोटो. लॉट बदलला तर छटा बदलते, पण कोणत्या लॉटचा नग येईल हे ग्राहकाला निवडता येत नाही. फोटोशी रंग जुळत नसेल, तर बदल मागू नये. परत करावं आणि कारण नेमकं लिहावं. ते कारण इतकं महत्त्वाचं का, हे कायद्याकडे पाहिलं की कळतं.

कारणाच्या यादीत काय निवडता

आपल्याकडचा समज असा की आवडलं नाही, बसलं नाही, तर परत देण्याचा किंवा बदलून घेण्याचा कायदेशीर हक्क असतो. तसा तो नाही. बरोबर साइजची, चांगली कुर्ती आली आणि ती आपल्याला बसली नाही, तर ती सदोष वस्तू ठरत नाही. अशी वस्तू बदलून देणं हे विक्रेत्याचं धोरण असतं आणि त्यात जे कबूल केलं असेल तेवढंच मागता येतं.

पण हक्क जिथे आहे तिथे तो भक्कम आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै 2020 मध्ये लागू झाले. वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर पोचली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. उशिराला अपवाद फक्त आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. म्हणजे 40 मागवली आणि 42 आली, निळी मागवली आणि जांभळी आली, फोटोत गडद आणि हातात फिकी आली, तर तो मर्जीचा विषय उरत नाही.

आता ॲपवरची कारणांची यादी आठवा. ‘साइज बसत नाही’, ‘आवडले नाही’, ‘चुकीची वस्तू आली’, ‘चित्रापेक्षा वेगळी आहे’. घाईत आपण पहिल्याच ओळीवर बोट ठेवतो. पिशवीवर 40 लिहिलं आहे आणि कुर्तीच्या गळ्याशी 42चं लेबल आहे, तरी आपण ‘साइज बसत नाही’ निवडतो आणि विक्रेत्याची चूक स्वतःच्या पसंतीचा प्रश्न करून टाकतो. पुढे वाद झाला, तर नोंद आपल्याविरुद्ध बोलते. म्हणून आधी तीन ठिकाणच्या साइज ताडून पाहाव्यात: ऑर्डरमधली, पिशवीवरच्या चिठ्ठीवरची आणि कपड्यावर शिवलेल्या लेबलवरची. तिन्ही सारख्या असतील, तर प्रश्न मापाचा. एकही वेगळी असेल, तर चूक विक्रेत्याची. मग तेच कारण निवडावं आणि तिन्हींचे फोटो काढून ठेवावेत.

दारात काय घडतं

एका फेरीतल्या बदलात दारात आलेला माणूसच पहिली तपासणी करतो. त्याच्या फोनवर जुन्या कुर्तीचा फोटो, रंग आणि साइज दिसते. त्याला पाहायचं असतं की नग तोच आहे, लटकता टॅग जागेवर आहे, कुर्ती धुतलेली किंवा वापरलेली नाही. वापरलेले आणि भलतेच कपडे परत पाठवणाऱ्यांमुळे ही तपासणी कडक झाली आहे. टॅग तुटलेला असेल तर तो नकार देतो आणि नवी कुर्तीही परत घेऊन जातो, कारण एक घेतल्याशिवाय दुसरी देण्याची मुभा त्याला नसते. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. निर्णय त्याच्या फोनमधल्या प्रश्नांच्या उत्तरांवर होतो. म्हणून कुर्ती घालून पाहताना टॅग काढूच नये, आणि लहान मुलांच्या कपड्यांच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

या भेटीत ग्राहकाने तीन गोष्टी सांभाळाव्यात. जुनी कुर्ती देण्याआधी टॅग आणि लेबल दिसेल असा तिचा फोटो काढावा. नव्या पार्सलवरची साइज वाचावी. आणि ओटीपी सांगायचा तो नवं पार्सल हातात आल्यावरच, कारण ओटीपी गेला की ॲपच्या लेखी देवाणघेवाण पुरी झालेली असते. आपण घरी नसणार असू, तर जुनी कुर्ती पिशवीत घालून घरातल्या कोणाकडे तरी द्यावी आणि ओटीपीसाठी आपला फोन उचलायची तयारी ठेवावी. कराडच्या उदाहरणात सोमवारी सासूबाई घरी असत्या आणि त्यांच्या हाताशी पिशवी असती, तर बदल त्याच दिवशी झाला असता.

अडकलाच तर

अडकलेला बदल नेमका कुठे अडकला आहे, हे ॲपवरच्या शेऱ्यावरून कळतं. ‘मागणी नोंदली’ एवढंच दोन दिवस दिसत असेल, तर अडचण शिल्लकेची आहे. अशा वेळी वाट पाहू नये. बदल रद्द करून मुदतीच्या आत परतीची मागणी नोंदवावी. ‘रवाना झाले’ हा शेरा हलत नसेल, तर अडचण कुरिअरची आहे, आणि तक्रारीत ऑर्डर क्रमांकासोबत पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांकही द्यावा. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असं दिसलं आणि आपण घरीच होतो, तर त्याच दिवशी तक्रार करावी. दोन दिवसांनी ती सिद्ध करणं कठीण जातं. जुनी कुर्ती गेली आणि पुढे काहीच हललं नाही, तर ती तपासणीत अडली आहे. तिथे आपण काढलेला फोटो कामी येतो.

फोनवरच्या गोड आश्वासनावर थांबू नये. तक्रार ॲपवर लेखी करावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. त्याच नियमांप्रमाणे प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं असतं. तिथे दाद मिळाली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता कुठेही असला, तरी ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. 1,299 रुपयांसाठी कोणी आयोगात जाणार नाही, हे खरं. पण हेल्पलाइनवरची तक्रार आणि तिचा क्रमांक पाठवला, तरी थांबलेलं प्रकरण पुष्कळदा हलतं.

तरीही सगळा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. 2020च्या नियमांनी कंपन्यांना परत, परतावा आणि बदल यांची माहिती ग्राहकाला देणं बंधनकारक केलं आहे, पण बदल चालू असताना परतीची मुदत थांबली पाहिजे, असं ते सांगत नाहीत. कराडच्या शिक्षिकेचं नुकसान नेमकं त्या फटीतून झालं. तिने मुदतीत मागणी केली होती. कुर्ती बदलून मिळत नसेल तर पैसे द्या, असं म्हणायची संधी तिला कोणी दिली नाही.

यावरचा उपाय फार मोठा नाही. बदलाची मागणी नोंदली की परतीचं घड्याळ थांबवावं, आणि बदल रद्द झाला की त्याचं आपोआप परतीच्या मागणीत रूपांतर व्हावं. शिल्लक संपली म्हणून बदल फसला तर काही ठिकाणी हे आजही होतं, म्हणजे व्यवस्थेला ते जमतं. फेऱ्या चुकल्यामुळे किंवा कुरिअरमुळे फसलेल्या बदलालाही तेच लागू करावं, आणि ते कंपनीच्या मर्जीवर न सोडता नियमातच लिहावं. बदलून घेणारा ग्राहक विक्री मोडत नाही, टिकवतो. त्याच्या पैशांवर विक्रेत्याचा हक्क तो मान्यच करत असतो. त्याच्या वाट्याला परत करणाऱ्यापेक्षा कमी संरक्षण यावं, याला काहीच आधार नाही. तसा नियम होईपर्यंत ग्राहकाने एवढं करावं: मुदतीचा शेवटचा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवावा, आणि त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत नवी साइज हातात आली नसेल, तर बदल रद्द करून कुर्ती परतीला लावावी.